पासष्ट ग्रॅम जस्तातून किती काम?

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात जस्ताची पूड टाकून ढवळली, की निळा रंग फिका पडतो, तळाशी लालसर तांबे साचते आणि भांडे चांगलेच गरम होते. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, तांब्याचा आयन ते उचलतो. एक मोल, म्हणजे सुमारे 65 ग्रॅम जस्त असे संपले की जवळजवळ 219 किलोजूल उष्णता बाहेर पडते. काम मात्र काहीच होत नाही.

जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी 1836 साली याच दोन धातूंचा विद्युतघट केला. जस्त एका बाजूला, तांबे दुसऱ्या बाजूला आणि दोन्ही द्रावणांच्या मध्ये सच्छिद्र पडदा. आता इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारेतूनच जावे लागते आणि वाटेत त्यांच्याकडून काम करून घेता येते.

किती काम, ते व्होल्टमीटर सांगतो. दोन्ही द्रावणे प्रमाणित तीव्रतेची असतील, तर 25 अंश सेल्सिअसला तो 1.10 व्होल्ट दाखवतो. एक व्होल्ट म्हणजे प्रत्येक कूलोम विद्युतभारामागे एक जूल काम. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार सुमारे 96,500 कूलोम असतो. जस्ताच्या एका मोलमागे दोन मोल इलेक्ट्रॉन वाहतात, म्हणजे 1,93,000 कूलोम. त्याला 1.10 ने गुणले की सुमारे 212 किलोजूल येतात. नऊ वॉटचा दिवा साडेसहा तास जळेल, एवढी ही ऊर्जा.

हीच गिब्ज मुक्त ऊर्जेतली घट. सूत्र असे: ΔG = −nFE. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच, की अभिक्रिया आपोआप पुढे जाते आणि तिची मुक्त ऊर्जा कमी होते. 219 मधले उरलेले सुमारे सात किलोजूल कितीही उत्तम घट बांधला तरी कामी येत नाहीत. अभिक्रियेत एन्ट्रॉपी घटते, तिची भरपाई म्हणून तेवढी उष्णता भोवतालाला द्यावीच लागते.

विद्यार्थी हमखास चुकतात ते एका ठिकाणी. समीकरण दुप्पट केले, की ते व्होल्टेजही दुप्पट करतात. दुप्पट जस्तातून दुप्पट इलेक्ट्रॉन निघतात, म्हणून काम दुप्पट होते. पण प्रत्येक कूलोममागचे काम तेच राहते. व्होल्ट 1.10 चे 1.10 च.

हे 212 किलोजूल ही कमाल मर्यादा आहे आणि ती प्रवाह जवळजवळ शून्य असतानाच गाठता येते. म्हणून हे व्होल्टेज मोजताना व्होल्टमीटरचा रोध खूप मोठा हवा. प्रवाह जोरात ओढला, की घटाच्या आतल्या रोधामुळे टोकांवरचे व्होल्टेज खाली येते. ते 0.8 वर आले, तर त्याच जस्तातून सुमारे 154 किलोजूलच काम मिळते. बाकीचे 58 किलोजूल घटातच उष्णता होऊन जातात. घट हाताला गरम लागतो, तो याचमुळे.