सहा गिगाहर्ट्झ वाय-फाय: फायदा नक्की कोणाला?

सहा गिगाहर्ट्झची खरी कमाई म्हणजे मोकळी जागा. अमेरिकेत २०२० मध्ये हा पट्टा वाय-फायला खुला झाला आणि १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे सात चॅनल मिळाले. पाच गिगाहर्ट्झमध्ये असे जेमतेम दोन-तीन बसतात, आणि त्यातले दोन रडारचा सिग्नल आला की सोडावे लागतात. शेजाऱ्यांचे जुने राउटर तर इथे येतच नाहीत.

पण फोनमध्ये वाय-फाय सिक्स-ई किंवा सेव्हन हवं. आयफोन १५ प्रोमध्ये ते आहे, साध्या १५ मध्ये नाही. आणि असलं तरी १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर रील काही आधी उघडणार नाही!

फरक जाणवतो तो क्वेस्ट ३ सारख्या व्हीआर हेडसेटला, कॉम्प्युटरवरचा गेम वायरशिवाय खेळताना. तोही राउटर त्याच खोलीत असेल तर. मध्ये जाड भिंत आली, की हा सिग्नल लवकर ढेपाळतो.