संज्ञा इंग्रजी, समजावणी मराठी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत मराठी माध्यमातून आलेली बरीच मुलं वहीच्या शेवटच्या पानांवर शब्दांची यादी करतात. इंग्रजी शब्द, बरोबरचं चिन्ह आणि पुढे एक मराठी शब्द. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या नोट्स घेतल्या की ही यादी लगेच अडखळते. स्ट्रेंग्थ, स्टिफनेस, हार्डनेस, टफनेस या चारही शब्दांपुढे ‘मजबुती’ नाहीतर ‘कडकपणा’ येतो, आणि चौघांतला फरकच पुसला जातो.

म्हणून संज्ञा इंग्रजीच ठेवावी, प्रश्नपत्रिकेत छापतात त्याच स्पेलिंगसह. पुस्तकात आणि पुढे नोकरीतही ती तशीच भेटणार असते. मराठीचं काम शेजारच्या रकान्यात, अर्थ उलगडून सांगण्याचं. मोडण्यापूर्वी पदार्थ जास्तीत जास्त जेवढा स्ट्रेस सोसतो, ती अल्टिमेट स्ट्रेंग्थ. भार आल्यावर आकार बदलायला तो किती विरोध करतो, तो स्टिफनेस. पृष्ठभागावर ओरखडा किंवा खळगा पडू न देणं म्हणजे हार्डनेस. तुटेपर्यंत पदार्थ जेवढी ऊर्जा पचवतो, तो टफनेस. काच हार्ड असते, पण टफ नसते. असं एक उदाहरण त्याच ओळीत असलं की घोळ होत नाही.

तिसऱ्या रकान्यात सूत्र, एकक आणि छोटं गणित हवं. २० मिमी व्यासाच्या पोलादी सळईचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मिमी. तिला ३१,४०० न्यूटन बलाने ओढलं तर

σ = P/A = 31400/314 = 100 N/mm²

हा झाला स्ट्रेस. दोन मीटरची हीच सळई त्या ओढीने एक मिमी लांबली, तर स्ट्रेन १/२०००, म्हणजे ०.०००५. त्याला एकक नाही. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की यंग्ज मॉड्युलस २,००,००० N/mm² येतो आणि तो पोलादाचाच आहे. सलग ओळींत एकच सळई वापरण्याचा हा फायदा: एका ओळीतली चूक पुढच्या ओळीत उघडी पडते.

स्ट्रेसची व्याख्या लिहिताना जपावं. ‘एकक क्षेत्रावरचं बल’ एवढंच लिहिलं तर ती प्रेशरलाही चालते, एककही तेच. ‘बाहेरच्या भाराला तोंड देताना पदार्थाच्या आत, दर एकक क्षेत्रावर निर्माण होणारं बल’ असं लिहिलं तरच दोन्ही वेगळे राहतात.

तक्ता जमला का, हे पाहायला इंग्रजी रकाना झाकून मित्राला मराठी अर्थ वाचायला द्या. त्याला एका अर्थापुढे दोन संज्ञा सुचल्या, तर ती ओळ पुन्हा लिहा. तक्ता एक्सेलमध्ये असेल तर अकारविल्हे लावताना सगळे रकाने एकत्र निवडा; नाहीतर संज्ञा वर-खाली होतात आणि अर्थ जागच्या जागी राहतात.