कपाटातल्या वॉरंटची सात वर्षं

लांबट पाकीट, आत छिद्रांच्या रेघेनं दोन भाग केलेला कागद. वरच्या भागात शेअरधारकाचं नाव, फोलिओ नंबर, शेअरची संख्या आणि लाभांशाची रक्कम. खालचा भाग हुबेहूब चेकसारखा, तळाशी काळ्या शाईतले जाडसर आकडे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ : तारखेपासून तीन महिनेच ग्राह्य. हे डिव्हिडंड वॉरंट. ज्यांच्या घरी वडिलांनी किंवा आजोबांनी कधीकाळी शेअर घेतले, त्यांच्या कपाटात अशी दोनचार वॉरंट तरी सापडतात. रक्कम चारशे-सातशे रुपये, तारीख जुनी. ‘आता कुठलं मिळतंय’ म्हणत माणसं ती रद्दीत टाकतात. ती टाकू नयेत. कागद निकामी झालेला असतो, पण त्यावरची रक्कम अजून एका वेगळ्या खात्यात तुमच्या नावानं पडलेली असू शकते. शिवाय त्या छोट्या रकमेच्या मागे मूळ शेअरही बांधलेले असतात.

आधी कागदाचं बघू. चेक, ड्राफ्ट, पे ऑर्डर यांची मुदत पूर्वी सहा महिने होती. रिझर्व्ह बँकेनं ती १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांवर आणली. वडीलधाऱ्यांच्या डोक्यात अजून सहा महिनेच बसलेले असतात, त्यामुळे चौथ्या महिन्यात भरलेलं वॉरंट बँकेतून परत येतं. अशा कागदाला बँकेत स्टेल म्हणतात.

एखाद्या पुरवठादाराला दिलेला चेक स्टेल झाला, तर कंपनी हिशेबात ती नोंद उलटी फिरवते आणि पुरवठादार विचारायला आला की नवा चेक देते. वर्षानुवर्षं कोणी आलंच नाही तर ती रक्कम काही वेळा उत्पन्नातही धरली जाते. लाभांशाच्या बाबतीत ही सोय कंपनीला नाही. लाभांश जाहीर झाला की पाच दिवसांच्या आत ती रक्कम शेड्यूल्ड बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि तीस दिवसांत ती शेअरधारकांपर्यंत पोहोचवावी लागते. तीस दिवसांनंतर जे उरलं, ते पुढच्या सात दिवसांत ‘अनपेड डिव्हिडंड अकाउंट’ नावाच्या खास खात्यात जातं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १२४ हे सांगतं. या खात्यातला पैसा कंपनीला पगाराला, कच्च्या मालाला किंवा कर्जफेडीला वापरता येत नाही. वळवायला उशीर केला तर त्या रकमेवर वर्षाला १२ टक्के व्याज द्यावं लागतं, आणि तेही शेअरधारकांच्याच हक्काचं असतं. पैसे वळवल्यावर नव्वद दिवसांत कंपनीनं आपल्या संकेतस्थळावर यादी लावायची असते : कोणाचं नाव, शेवटचा ठाऊक असलेला पत्ता, किती रक्कम.

इथं एक बारकावा आहे. सात वर्षांचं घड्याळ वॉरंटच्या तारखेपासून चालू होत नाही आणि वॉरंट स्टेल झाल्यापासूनही नाही. ते चालू होतं या खास खात्यात पैसे वळते झाल्याच्या दिवसापासून. माणसं चुकीची तारीख धरतात आणि ‘मुदत गेली’ म्हणून अर्जच करत नाहीत.

उदाहरण घेऊ. आकडे सोपे ठेवतो. एका निवृत्त शिक्षकांकडे एका कंपनीचे २०० शेअर आहेत. कंपनी दर वर्षी शेअरमागे ५ रुपये लाभांश देते, म्हणजे वर्षाला १,००० रुपये. २०१७-१८ या वर्षाचा लाभांश वार्षिक सभेत २० ऑगस्ट २०१८ ला जाहीर झाला. वॉरंटवर तारीख पडली २८ ऑगस्ट. गुरुजी तोवर मुलाकडे राहायला गेले होते, जुन्या पत्त्यावरचं पाकीट शेजाऱ्यांनी ठेवून घेतलं आणि पुढे विसरलं गेलं. तीस दिवस १९ सप्टेंबरला संपले, कंपनीनं २५ सप्टेंबर २०१८ ला रक्कम अनपेड खात्यात वळवली. वॉरंट स्टेल झालं नोव्हेंबरच्या अखेरीस.

या दिवसापासून २५ सप्टेंबर २०२५ पर्यंत ते हजार रुपये मागणं अगदी सरळ काम होतं. कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे शेअरधारकांची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेला, फोलिओ नंबरसह पत्र आणि मूळ वॉरंट पाठवायचं. रजिस्ट्रारकडे बँकेनं दिलेली वटलेल्या-न वटलेल्या वॉरंटची यादी असते. त्या नंबरचं वॉरंट न वटलेलं दिसलं की रक्कम पुन्हा दिली जाते, आता बहुधा थेट बँक खात्यात. वॉरंट हरवलं असेल तर हमीपत्र घेतात, कारण त्याच रकमेचे पैसे दोनदा जाऊ नयेत याची त्यांना काळजी घ्यावी लागते.

गुरुजींनी काहीच केलं नाही असं धरू. त्यानंतरची वॉरंटही त्याच जुन्या पत्त्यावर जात राहिली. सात वर्षं भरली की २०१७-१८ चे हजार रुपये, त्यावर काही व्याज जमलं असेल तर त्यासह, तीस दिवसांत सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतात. या निधीला सगळे आयईपीएफच म्हणतात. हजार रुपयांचं वाईट वाटेल, पण खरा फटका पुढे आहे. सलग सात वर्षं एकाही वर्षाचा लाभांश घेतला नसेल तर ते शेअरही निधीच्या नावावर जातात. बाजारभाव ६०० रुपये असेल तर २०० शेअर म्हणजे १,२०,००० रुपये. हजार रुपयांच्या कागदाकडे दुर्लक्ष झालं आणि त्याच्यामागून सव्वा लाखाच्या आसपासची मालमत्ता गेली. शेअर गेल्यावर मतदानाचा हक्क गोठतो, पुढचा लाभांश थेट निधीत जातो आणि बोनस शेअर मिळाले तर तेही तिकडेच जमा होतात.

कायद्याच्या भाषेत इथं सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘सलग’ आहे. या सात वर्षांतला कोणत्याही एका वर्षाचा लाभांश मिळाला किंवा मागून घेतला, तर ती सलगता तुटते आणि शेअर जात नाहीत. गुरुजींनी जुलै २०२५ मध्ये फक्त २०२१-२२ चे हजार रुपये मागून घेतले असते, तरी २०० शेअर त्यांच्याच नावावर राहिले असते. २०१७-१८ ची रक्कम मात्र तिची सात वर्षं भरल्यावर निधीत गेलीच असती, कारण प्रत्येक वर्षाच्या लाभांशाचं घड्याळ स्वतंत्र चालतं. अर्थात मागायचेच तर सगळ्या वर्षांचे एकदम मागावेत. एकाच पत्रात काम होतं.

शेअर वळवण्यापूर्वी तीन महिने कंपनीनं पत्र पाठवायचं असतं आणि इंग्रजी व स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची असते. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांतल्या ‘भागधारकांना सूचना’ दिसतात, त्या याच. पण पत्र जातं नोंदीतल्या पत्त्यावर. वॉरंट जिथं पोहोचत नव्हतं, तिथंच हे पत्रही पोहोचत नाही.

ज्यांचे शेअर डीमॅटमध्ये आहेत त्यांचंही असं होतं. लाभांश डीमॅटला जोडलेल्या बँक खात्यात जातो. ते खातं बंद झालं असेल किंवा बँक विलीन होऊन आयएफएससी कोड बदलला असेल आणि डीमॅटमध्ये तो दुरुस्त केला नसेल, तर पैसे परत फिरू शकतात. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत गेली. आपल्याकडे या बँकांचे खातेदार पुष्कळ. कागदी शेअर असणाऱ्यांसाठी तर सेबीनं १ एप्रिल २०२४ पासून नियमच केला आहे : पॅन, बँक खातं, सही, संपर्क यांची नोंद पूर्ण नसेल तर लाभांश रोखून ठेवला जातो आणि नोंद झाल्यावरच तो थेट खात्यात येतो. ही रोखलेली रक्कमही न दिलेल्या लाभांशातच धरली जाते.

आपलं काही अडकलंय का, हे ओळखायचा एक चांगला मार्ग आयकराच्या संकेतस्थळावर आहे. तिथल्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, कंपन्यांनी तुमच्या पॅनवर दाखवलेला लाभांश दिसतो. त्यात एखाद्या कंपनीचं नाव आहे आणि पासबुकात तिची जमा नाही, तर ती रक्कम बहुधा अनपेड खात्यात आहे. पॅन नोंदवलेलाच नसेल तर ही खूण मिळणार नाही. मग कंपनीच्या संकेतस्थळावरची यादी किंवा iepf.gov.in वरचा शोध उघडावा. नाव इंग्रजीत नाना प्रकारे टंकलेलं असतं, माहेरचं नावही तसंच राहिलेलं असतं. म्हणून जुन्या वॉरंटचा वरचा भाग जपावा. फोलिओ नंबरनं शोध चुकत नाही.

शेअर निधीत गेलेच असतील तरी हक्क संपत नाही, आणि दावा करायला कालमर्यादाही नाही. आधी कंपनीकडे कागद देऊन तुमचा हक्क मान्य असल्याचं पत्र घ्यायचं. मूळ धारक हयात नसेल तर वारसाचे कागद इथंच तपासले जातात आणि सर्वाधिक वेळ इथंच जातो. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर IEPF-5 हा अर्ज भरायचा. त्याची छापील प्रत, पोच, हमीपत्र आणि आगाऊ पावती कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. कंपनीनं तीस दिवसांत पडताळणी अहवाल निधीच्या प्राधिकरणाला द्यायचा असतो. मंजुरीनंतर शेअर डीमॅट खात्यात येतात, लाभांश बँकेत येतो. अर्जाला सरकारी शुल्क नाही. तरीही टक्केवारी मागणारे मध्यस्थ भेटतात. कामाचा मोबदला घेणं वेगळं, पण कोऱ्या कागदावर सही कोणालाही देऊ नये. नाव किंवा सहीत फरक निघाला की अर्ज परत येतो आणि काम महिनोन्महिने रेंगाळतं.

म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी ते लोखंडी कपाट उघडाच. वॉरंटच्या तारखा लावून घ्या, फोलिओ नंबर वहीत उतरवा आणि सगळ्यांत जुन्या न वटलेल्या वॉरंटपासून सात वर्षं मोजा. ती भरायला आली असतील, तर रजिस्ट्रारला पत्र त्याच आठवड्यात टाका.