'नंबर ऑफ'नंतर एकवचन की अनेकवचन?

इंग्रजीत 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' अशी सुरुवात झाली की पुढे क्रियापद एकवचनी येते आणि 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' अशी झाली की अनेकवचनी. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज इन्क्रीज्ड', पण 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव लेफ्ट'. दोन्ही वाक्यांत वरवर फरक दिसतो तो फक्त उपपदाचा. त्यामुळे शाळेत 'द' आले की एकवचन, 'अ' आले की अनेकवचन असे पाठ करून घेतले जाते. परीक्षेतला गुण त्यावर मिळतो, पण वाक्याची रचना जरा बदलली की हे पाठांतर दगा देते. क्रियापदाचे वचन उपपदावरून ठरत नाही, कर्त्यावरून ठरते. आणि या दोन वाक्यांतले कर्ते मुळातच वेगळे आहेत.

मराठी वाचकाला हे चटकन दिसावे, कारण मराठीत या दोन कल्पनांसाठी दोन वेगळ्या रचना आहेत. पहिल्या वाक्याचा अर्थ 'विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे' असा होतो. येथे वाढली आहे ती संख्या. विद्यार्थी षष्ठीत आहेत आणि ती संख्या कोणाची एवढेच सांगतात. संख्या एकच, म्हणून क्रियापद एकवचनी. दुसऱ्या वाक्याचा अर्थ 'बरेच विद्यार्थी सोडून गेले आहेत' असा होतो. तेथे संख्या हा विषयच नाही. 'अ नंबर ऑफ' हे तीन शब्द मिळून 'बरेच' किंवा 'काही' या आपल्या विशेषणाचे काम करतात. सोडून जाणारे विद्यार्थी आहेत, म्हणून क्रियापद अनेकवचनी.

उपपदाकडे न पाहता अर्थाकडे पाहिले की अवघड वाटणारी वाक्येही सुटतात. 'अ लार्ज नंबर ऑफ फार्मर्स' किंवा 'अ ग्रोइंग नंबर ऑफ फार्मर्स' यांत मध्ये विशेषण आले, तरी अर्थ 'पुष्कळ शेतकरी', 'अधिकाधिक शेतकरी' असाच राहतो आणि क्रियापद अनेकवचनीच लागते. उलट 'अ नंबर ऑफ धिस साइझ इज हार्ड टू रिमेंबर' या वाक्यात 'अ' असूनही क्रियापद एकवचनी आहे, कारण येथे खरोखरच एका आकड्याबद्दल बोलणे चालले आहे: एवढा मोठा आकडा लक्षात ठेवणे कठीण. 'द मेजॉरिटी ऑफ व्होटर्स आर' यात 'द' असूनही क्रियापद अनेकवचनी येते, कारण 'बहुसंख्य मतदार' असा तिचा अर्थ आहे. पाठ केलेला नियम या शेवटच्या दोन्ही वाक्यांत चुकीचे उत्तर देतो.

तरीही 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव' ही चूक सतत होते आणि ती इंग्रजी मातृभाषा असलेल्यांकडूनही होते. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या मानसभाषाशास्त्रज्ञांनी 1991 साली अशा चुकांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सहभागी लोकांना वाक्याची सुरुवात ऐकवायची आणि त्यांनी ती म्हणून वाक्य पुरे करायचे, असे त्यांचे स्वरूप होते. मुख्य नाम एकवचनी आणि त्याच्या मागोमाग अनेकवचनी नाम असले, तर ते अनेकवचनी नाम क्रियापदाला आपल्याकडे ओढून घेते असे त्यांत दिसले. मुख्य नाम अनेकवचनी आणि मागचे एकवचनी असेल, तर अशी ओढ फारशी दिसत नाही. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' ही नेमकी पहिल्या प्रकारची जोडी आहे: क्रियापदाच्या लगत 'स्टुडंट्स' उभे असतात आणि खरा कर्ता 'नंबर' मागे राहून जातो.

मराठी माणसाच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडावे लागेल. मराठीत षष्ठीतले नाम आधी येते आणि मुख्य नाम नंतर. 'विद्यार्थ्यांची संख्या वाढली' यात 'संख्या' क्रियापदाला खेटून आहे. क्रियापदाजवळचे नाम धरले तरी मराठीत अशा वाक्यात उत्तर बरोबर येते. इंग्रजीत हा क्रम उलटा होतो. तीच सवय तिथे नेली की 'स्टुडंट्स' हाच कर्ता वाटू लागतो.

अपूर्णांक आणि टक्केवारी यांच्याकडे वळले की मात्र चित्र पालटते. 'द नंबर ऑफ'मध्ये 'ऑफ'नंतरच्या नामाकडे दुर्लक्ष करायचे असते. येथे त्याच नामावर सगळे अवलंबून असते. 'टू-थर्ड्स ऑफ द लँड इज ड्राय' यात जमीन मोजता न येणारी वस्तू आहे, म्हणून एकवचन. 'टू-थर्ड्स ऑफ द फार्मर्स आर इन डेट' यात शेतकरी मोजता येतात, म्हणून अनेकवचन. अपूर्णांक स्वतः काही ठरवत नाही. 'टू-थर्ड्स' हा शब्द अनेकवचनी दिसतो म्हणून जमिनीसाठी 'आर' लिहिणे किंवा 'वन-थर्ड' एकवचनी दिसतो म्हणून 'वन-थर्ड ऑफ द ट्रीज इज' लिहिणे, दोन्ही चुकीचे. अपूर्णांक निव्वळ संख्या म्हणून आला, तेव्हाच तो स्वतः कर्ता होतो: 'थ्री-फोर्थ्स इज ग्रेटर दॅन टू-थर्ड्स'.

या बाबतीत मराठी आणि इंग्रजी अगदी जोडीने चालतात. 'पन्नास टक्के पाणी वाया गेले', 'पन्नास टक्के मुले गैरहजर होती'. टक्के तेवढेच आहेत, पण एकदा क्रियापद पाण्याप्रमाणे चालते आणि एकदा मुलांप्रमाणे. 'अर्धा' हे विशेषण तर 'अर्धी पोळी', 'अर्धे गाव', 'अर्धे लोक' असे नामाप्रमाणे रूपच बदलते. म्हणून 'फिफ्टी परसेंट ऑफ द वॉटर इज' आणि 'फिफ्टी परसेंट ऑफ द चिल्ड्रन आर' यांतला फरक मराठी कानाला उपजत कळतो. त्या कानावर येथे खुशाल विसंबावे.

काही जागा मात्र जपण्यासारख्या आहेत. 'परसेंट' आणि 'परसेंटेज' एक नव्हेत. 'द परसेंटेज ऑफ गर्ल्स इज राइझिंग' म्हणजे 'मुलींचे प्रमाण वाढते आहे'. कर्ता प्रमाण, त्यामुळे ही रचना 'द नंबर ऑफ'च्या घराण्यातली आणि क्रियापद एकवचनी. 'ऑफ'नंतर 'पॉप्युलेशन'सारखे समूहवाचक नाम आले, तर समूह एक मानून एकवचन आणि त्यातली माणसे मनात धरून अनेकवचन, असे दोन्ही प्रयोग चांगल्या लेखनात आढळतात; अनेकवचनाकडे ब्रिटिश इंग्रजीचा ओढा अमेरिकन इंग्रजीपेक्षा अधिक आहे. 'ऑफ' आणि नाम दोन्ही गाळलेले असले, तर गाळलेले नाम आठवायचे: परीक्षेबद्दल बोलताना 'थर्टी परसेंट वेअर अॅब्सेंट' यात उमेदवार गृहीत आहेत.

पैशांच्या रकमेपाशी मात्र मराठी कान फसवतो, आणि सगळ्यात जास्त काळजी येथे घ्यायला हवी. मराठीत 'पाचशे रुपये पुरेसे आहेत' असेच म्हणतात. 'पुरेसे आहे' कानाला खटकते. इंग्रजीत याच्या बरोबर उलटे: 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ'. एखादी रक्कम एक ठोक राशी म्हणून पाहिली की इंग्रजी तिला एकवचनी मानते, मग नाम 'रुपीज' असो की 'डॉलर्स'. अंतर, काळ आणि वजन यांनाही हेच लागू होते: 'टेन डेज इज अ लाँग टाइम'. मराठीला ही दृष्टी अगदीच अनोळखी आहे असे नाही. 'पन्नास हजार ही मोठी रक्कम आहे' असे म्हणताना 'ही रक्कम' या शब्दांनी आपणही हजारोंची एक राशी करतो. 'दीड तास झाला', 'सव्वा तास झाला' यांतही एकाहून अधिक तास एकवचनात बोलले जातात. मात्र मराठीत हे काही रचनांपुरतेच आहे. इंग्रजीत रकमेसाठी तो सरसकट प्रघात आहे.

नाणी किंवा नोटा वेगवेगळ्या डोळ्यांपुढे असल्या की इंग्रजीही अनेकवचनाकडे वळते: 'टेन वन-रुपी कॉइन्स वेअर ऑन द टेबल'. येथे दहा वस्तू आहेत. 'क्रोअर्स ऑफ रुपीज वेअर स्पेंट' यातही ठरावीक एक रक्कम नाही, म्हणून अनेकवचन. आणि पैसा हप्त्याहप्त्याने, निरनिराळ्या कामांवर खर्च झाला असेल, तर 'टेन थाउजंड रुपीज वॉज स्पेंट' व 'वेअर स्पेंट' ही दोन्ही रूपे शिष्ट लेखनात मिळतात.

हे सगळे एकत्र पाहण्यासाठी पाणीपुरवठ्याच्या अहवालातला एक कल्पित उतारा घेता येईल. 'द नंबर ऑफ टँकर्स हॅव कम डाउन. अ नंबर ऑफ वेल्स हॅज ड्राइड अप. थ्री-फोर्थ्स ऑफ द वॉटर आर लॉस्ट. फॉर्टी परसेंट ऑफ द फॅमिलीज फेचेस वॉटर फ्रॉम द रिव्हर. ट्वेंटी थाउजंड रुपीज आर नॉट इनफ फॉर द रिपेअर.' पाचही वाक्ये चुकली आहेत. कमी झाली ती टँकरची संख्या, म्हणून 'हॅज'. आटल्या त्या विहिरी, बऱ्याच विहिरी, म्हणून 'हॅव'. वाया गेले ते पाणी. तीन चतुर्थांशमधल्या 'तीन'ला येथे काही महत्त्व नाही, म्हणून 'इज'. नदीवरून पाणी आणणारी कुटुंबे अनेक आहेत, म्हणून 'फेच'. शेवटच्या वाक्यात दुरुस्तीसाठी ठरलेल्या एका रकमेबद्दल बोलणे आहे, म्हणून 'इज'. पहिल्या चार वाक्यांत मराठी अर्थ लावला की उत्तर आपोआप हाती आले. पाचव्यात तो अर्थ 'वीस हजार रुपये पुरेसे नाहीत' असा होतो आणि चुकीकडे नेतो. म्हणून रक्कम दिसली की मराठीचा आधार सोडून 'ही एक रक्कम आहे की सुट्या नोटा?' एवढेच विचारावे.

इतके करूनही वाक्य अडलेच, तर माणसाला कर्ता करून ते फिरवून लिहावे. 'टेन थाउजंड रुपीज'पुढे 'वॉज' की 'वेअर' हा प्रश्न 'वी स्पेंट टेन थाउजंड रुपीज' असे लिहिले की उरत नाही.