स्थिर छायाचित्राला हालचालीची सूचना

रनवे, क्लिंग यांसारख्या एआय साधनांना वस्तूचे एक छायाचित्र आणि हालचालीची लेखी सूचना दिली की काही सेकंदांची चित्रफीत तयार होते. वस्तूचा रंग, आकार, पार्श्वभूमी हे सारे छायाचित्रातच असते. म्हणून सूचनेत काय हलेल, किती वेगाने हलेल आणि काय स्थिर राहील एवढेच लिहावे. चित्रात दिसणारे पुन्हा शब्दांत मांडताना तपशील बदलला, तर चित्र आणि मजकूर यांत विसंगती येते आणि वस्तूचे रूप बदलू शकते.

कोकम सरबताच्या बाटलीचे उदाहरण घेऊ. बाटलीवर मराठी लेबल आहे, शेजारी सरबताचा गार ग्लास आहे आणि मागच्या भिंतीवर पानांची सावली पडली आहे. ‘बाटली गोल फिरते, सरबत ग्लासात ओतले जाते, कॅमेरा भोवती फिरतो’ अशी सूचना दिली, तर चित्रफीत बिघडण्याची शक्यता मोठी असते. बाटलीची मागची बाजू छायाचित्रात नाही, त्यामुळे साधन ती कल्पनेने रंगवते. सरबत ओतताना ग्लासातली पातळी आणि बाटलीतली पातळी यांचा मेळ अनेकदा बसत नाही. पाच सेकंदांत इतक्या क्रिया मावतही नाहीत.

हीच सूचना अशी लिहिता येते: ‘कॅमेरा एका जागी स्थिर. बाटली आणि लेबल स्थिर. ग्लासवरचा एक थेंब हळूहळू खाली ओघळतो. भिंतीवरची पानांची सावली मंद वाऱ्याने डुलते.’ इथे कॅमेरा, मुख्य वस्तू आणि परिसर यांना वेगवेगळी वाक्ये मिळाली आहेत. ‘कॅमेरा हलवू नका’ असे नकारार्थी लिहिण्यापेक्षा ‘कॅमेरा स्थिर’ असे लिहिणे बरे, कारण काही साधने नकार सोडून नुसता ‘हलणे’ हा शब्द उचलतात.

एवढे करूनही लेबल बिघडू शकते. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर पाच सेकंदांत 120 चौकटी होतात आणि साधन प्रत्येक चौकटीत अक्षरे नव्याने घडवते. त्यात काना, मात्रा, जोडाक्षरे वितळल्यासारखी होतात. शेवटच्या चौकटीवर चित्रफीत थांबवून ती मूळ छायाचित्राशी ताडून पाहिली की हा दोष लगेच कळतो. कॅमेरा आणि बाटली दोन्ही स्थिर असतील, तर मूळ छायाचित्रातले लेबल कापून संपादनात चित्रफितीवर जसेच्या तसे बसवता येते. कॅमेरा फिरता असेल, तर हेच काम बरेच अवघड होते.

चित्रफीत पुन्हापुन्हा सलग चालावी असे वाटत असेल, तर काही साधनांत पहिली आणि शेवटची चौकट म्हणून एकच छायाचित्र देता येते. तेव्हा सूचनेतून थेंब वगळावा. ओघळलेला थेंब परत वर जाऊ शकत नाही, पण डुलणारी सावली सहज मूळ जागी येते.