रेपो दराचं उत्तर आणि हप्त्याचं गणित

बँक भरतीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याला अर्ध्या रात्री उठवून विचारलं, तरी रेपो दर तो बिनचूक सांगतो. सरकारी रोख्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते, त्याचा हा दर. डिसेंबर २०२५ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर आला. पण ‘रेपो वाढला तर गृहकर्जाचं काय होईल?’ असं विचारलं, की ‘हप्ता वाढेल’ हे उत्तर चटकन येतं आणि ते बऱ्याचदा अपुरं असतं.

रिव्हर्स रेपोच्या प्रश्नात वेगळीच खोच आहे. बँकांकडचा जास्तीचा पैसा रिझर्व्ह बँक स्वतःकडे ठेवून घेते, त्यावर ती देते तो हा दर. मे २०२० पासून तो ३.३५ टक्केच राहिला, कारण एप्रिल २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘स्थायी ठेव सुविधा’ सुरू केली. तिथे तारण द्यावं लागत नाही आणि तिचा दर रेपोपेक्षा पाव टक्का कमी असतो. बँका आता पैसा मुख्यतः तिथे ठेवतात. त्यामुळे ३.३५ हे उत्तर बरोबर असलं, तरी त्यावरून कर्जाच्या व्याजाचा अंदाज बांधता येत नाही.

रोख राखीव प्रमाण, म्हणजे सीआरआर, कर्जदारापर्यंत वळसा घालून पोचतं. बँकेला आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो आणि त्यावर तिला व्याज मिळत नाही. जून २०२५ मध्ये हे प्रमाण ४ वरून ३ टक्क्यांवर आणायचं ठरलं आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात चार टप्प्यांत तसं झालं. म्हणजे शंभर रुपयांच्या ठेवीमागे आणखी एक रुपया कर्जासाठी मोकळा झाला. त्याने बँकेचा खर्च थोडा हलका होतो, पण जुन्या कर्जदाराचा व्याजदर त्यामुळे आपोआप उतरत नाही.

रेपोचं मात्र तसं नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं बाह्य निर्देशांकाशी जोडणं बंधनकारक झालं आणि बहुतेक बँकांनी रेपोच निवडला. रेपो अधिक बँकेचा ठरलेला फरक, असा तो हिशेब. दर निदान तीन महिन्यांतून एकदा नव्याने लावावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. एप्रिल २०२२ मध्ये कुणी ३० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी घेतलं. रेपो ४ टक्के, बँकेचा फरक २.६५, म्हणून व्याज ६.६५ टक्के. हप्ता सुमारे २२,६३३ रुपये. पहिल्या हप्त्यातले १६,६२५ रुपये व्याजात गेले आणि सहा हजार मुद्दलातून वजा झाले.

मे महिन्यात रेपो वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर पोचला. कर्जाचा दर झाला ९.१५ टक्के. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि दर तीन महिन्यांनी बदलला असं धरलं, तर वर्षभराने मुद्दल जेमतेम २९ लाख ६४ हजारांवर आलेलं असतं. त्यावर महिन्याचं व्याज २२,६०० रुपये! २२,६३३ रुपये भरून मुद्दलातून फिटतात फक्त तीसेक रुपये. या गतीने कर्ज फिटायला सत्तर वर्षं लागतील. खात्यातून जाणारा हप्ता मात्र एका रुपयानेही बदललेला नसतो, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. मुदत वीसच वर्षं ठेवायची, तर हप्ता २७ हजारांच्या पुढे न्यावा लागतो.

नेमक्या या दुखण्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम काढला. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ग्राहकाला विचारायचं. मुदत वाढवताना महिन्याचं व्याजही हप्त्यात भागत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. हा नियम नागरी सहकारी बँका आणि गृहकर्ज कंपन्यांनाही लागू आहे. २०१९ चं रेपोशी जोडण्याचं बंधन मात्र त्यांच्यावर नव्हतं, आणि महाराष्ट्रात सहकारी बँकांचे कर्जदार खूप आहेत. अशा कर्जदाराने रेपो कपातीची बातमी वाचली, की आपल्या करारात दर कशाला बांधला आहे ते आधी पाहावं.

याच नियमानुसार दर तिमाहीला एक विवरणही मिळायला हवं. त्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, वर्षाचा दर आणि शिल्लक हप्त्यांची संख्या असते. शिल्लक हप्ते मागच्या तिमाहीपेक्षा तीनने कमी व्हायला हवेत. ते तेवढेच राहिले किंवा वाढले असतील, तर बँकेने मुदत लांबवली आहे. ती का लांबवली आणि हप्ता वाढवण्याचा पर्याय कधी दिला, हे शाखेत लेखी विचारावं.