चौकशी की चहाडी?

नोकरीवर घेण्यापूर्वी उमेदवाराने दिलेली माहिती पडताळून पाहण्याचा मालकाचा हक्क कोणी नाकारीत नाही. रोकड, माल किंवा हिशेब ज्याच्या हाती सोपवावयाचा, त्याच्याविषयी चार ठिकाणी विचारणे हे शहाणपणाचेच होय. परंतु आपल्या गावी ही चौकशी होते कशी? गोकुळ शिरगावचा एखादा कारखानदार उमेदवाराच्या गावातील ओळखीच्या माणसास फोन करून 'पोरगा कसा आहे?' एवढेच विचारतो, आणि त्या उत्तरावर एखाद्याची भाकरी ठरते. ही पडताळणी नव्हे; भाऊबंदकीच्या हाती दिलेला तो नकाराधिकार होय.

एक कल्पित, परंतु नित्याचे उदाहरण घेऊ. शिरोळ तालुक्यातील एका तरुणाने ओतकाम कारखान्यात स्टोअरकीपरच्या जागेसाठी अर्ज केला. मागील कारखान्यात जानेवारी २०१९ ते मार्च २०२२ काम केल्याचे त्याने लिहिले. 'आपली पूर्ववर्तणूक निष्कलंक आहे काय?' या प्रश्नास 'होय' असे उत्तर दिले. पुढे दोन विसंगती निघाल्या. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात त्या कारखान्याच्या नावे वर्गणी ऑक्टोबर २०२१ पर्यंतच दिसते. आणि पोलीस पडताळणीत ऊसदराच्या आंदोलनातील रास्ता रोकोचा एक गुन्हा आढळतो. पुष्कळ ठिकाणी अर्ज इथेच फाडला जाईल.

पहिली विसंगती पाहू. निधीचे खाते हा चांगला पुरावा आहे, पण एकमेव नव्हे. मध्येच कामगार ठेकेदाराकडे वर्ग झाला, तर काम तेच, यंत्र तेच, परंतु वर्गणी दुसऱ्या आस्थापनेच्या नावे जाऊ लागते. वीसपेक्षा कमी माणसांच्या कारखान्यास तर हा कायदा सहसा लागूच नसतो. तेव्हा 'तारखा जुळत नाहीत' याचा अर्थ 'उमेदवार खोटे बोलला' असा लागलीच होत नाही. पगारपत्रके आणि ज्या बँक खात्यात पगार जमा होई त्याचे पासबुक मागितले, की पाच महिन्यांचा उलगडा बहुधा होतो. न झाल्यास मात्र संशयास आधार आहे.

दुसऱ्या विसंगतीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग खटल्यात मार्ग दाखविला आहे. तो निकाल सरकारी नोकरीपुरता असला, तरी खाजगी मालकाने तोच मापदंड का वापरू नये? न्यायालय म्हणते की, माहिती दडविल्याचा ठपका ठेवण्यापूर्वी ती माहिती स्पष्टपणे विचारली होती काय हे पाहावे. 'निष्कलंक' या शब्दात रास्ता रोको बसतो की नाही, हे त्या तरुणाने कसे ठरवावे? गुन्हा नोंदला आहे काय, खटला चालू आहे काय, शिक्षा झाली आहे काय, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावयास हवे होते. ते विचारूनही त्याने लपविले असते, तरी तरुण वयातील घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब सोडून देण्याची मुभा त्याच निकालात आहे. तोच गुन्हा मालाच्या अपहाराचा असता, तर स्टोअरकीपरच्या जागेसाठी गोष्ट निराळी होती.

पूर्वीच्या वरिष्ठास विचारतानाही हीच मर्यादा पाळावी. किती काळ काम केले, कोणते केले, साठ्याची मोजणी जुळत असे काय, पुन्हा संधी द्याल काय, एवढे पुरे. कोणी वाईट बोललेच, तर 'हे आपण स्वतः पाहिले काय?' असे विचारून उत्तर तारखेसह टिपून ठेवावे. जात, लग्न, संघटनेचे सभासदत्व यांचा साठ्याच्या नोंदवहीशी संबंध नाही. आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात स्त्री उमेदवारांना मासिक पाळी व गर्भारपणाविषयी विचारले जाई. नीरा माथुर यांच्या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. आणि उमेदवार सध्या जेथे नोकरीस आहे, तेथे त्याच्या संमतीवाचून विचारणा करणे म्हणजे नवी नोकरी देण्याआधी जुनी घालविणे होय.

आता त्या तरुणाचे काय करावे? दोन्ही विसंगती त्यास लेखी कळवाव्यात, पोलिसांकडून आलेल्या माहितीची प्रत द्यावी, आठवडाभराची मुदत द्यावी आणि तोवर जागा भरू नये. दोष त्याचाच असतो असेही नाही. एकाच नावाच्या दोन इसमांची माहिती एकमेकांच्या माथी मारली गेल्याचे प्रकार घडतात, म्हणून वडिलांचे नाव व जन्मतारीख ताडून पाहावी. मुदतीत त्याने पासबुक आणून दाखविले व खटल्याची सद्यःस्थिती सांगितली, तर नेमणूक रोखण्यास कारण उरत नाही. पाच महिन्यांचा पगार कोठेच दिसला नाही आणि खुलासाही आला नाही, तर नकार द्यावा. मात्र त्या पत्रात रास्ता रोकोचा उल्लेख न करता तारखांचेच कारण लिहावे, कारण नकार त्याच कारणासाठी आहे.